अपस्माराची औषधे कार्यपद्धतीनुसार: सोडियम, कॅल्शियम, गाबा आणि लक्षात राहायलाच हवेत असे दुष्परिणाम

अपस्माराच्या औषधांची यादी वर्णानुक्रमे पाठ करणाऱ्या विद्यार्थ्याची परीक्षेच्या आदल्या रात्री हमखास गफलत होते. वीसएक नावे, प्रत्येकापुढे आठ-दहा दुष्परिणाम, आणि सगळीकडे चक्कर, पुरळ, गुंगी यांचीच पुनरावृत्ती. हीच औषधे कार्यपद्धतीनुसार लावली की दोन गोष्टी साधतात. कोणत्या झटक्यात कोणते औषध चालेल आणि कोणते उलट झटके वाढवेल, हे तर्काने सांगता येते. शिवाय दुष्परिणामांचे दोन गट आपोआप वेगळे पडतात. पहिल्या गटातले दुष्परिणाम औषधाच्या मूळ कामातूनच येतात. ते मात्रेबरोबर वाढतात आणि मात्रा कमी केली की ओसरतात. दुसऱ्या गटातले त्या विशिष्ट रेणूचे स्वतःचे असतात, आणि खरे पाठांतर फक्त त्यांचेच करायचे असते.

हा लेख वैद्यक, औषधनिर्माण आणि परिचर्या शिकणाऱ्यांसाठी आहे. मात्रा समजून घेण्यासाठी दिल्या आहेत. रुग्णाने किंवा घरच्यांनी त्यावरून गोळ्या कमी-जास्त करू नयेत.

पायरी १: औषधाआधी झटक्याचा प्रकार ठरवा

औषधांच्या गटांकडे वळण्यापूर्वी तीन प्रकारचे झटके वेगळे ओळखता यायला हवेत. पहिला प्रकार मेंदूच्या एका भागातून सुरू होणारा, म्हणजे फोकल झटका. तो तिथेच थांबतो किंवा पसरून सर्वांगाला झटके येतात. दुसरा ऍब्सेन्स: मूल बोलता बोलता पाच-दहा सेकंद शून्यात पाहते आणि जणू काही झालेच नाही अशा रीतीने पुढे बोलू लागते. तिसरा मायोक्लोनिक: हात किंवा खांदा क्षणभर उडतो, बहुधा सकाळी उठल्यावर, आणि शुद्ध हरपत नाही.

पुढचे सगळे या वर्गीकरणावर उभे आहे. फोकल झटक्यात जवळपास सगळ्या गटांतली औषधे उपयोगी पडतात, त्यामुळे तिथे चूक झाली तरी ती बहुधा कमी परिणामाची असते. ऍब्सेन्स आणि मायोक्लोनिक झटक्यांत चुकीच्या गटाचे औषध दिले तर आजार प्रत्यक्ष बिघडतो.

पायरी २: सोडियम चॅनेलचा गट

चेतापेशीच्या पटलावरचा सोडियम चॅनेल तीन अवस्थांत फिरतो. आधी तो बंद पण तयार असतो. विद्युतभार बदलला की उघडतो, सोडियम आत शिरते आणि स्पंद निर्माण होतो. मग एक-दोन मिलिसेकंदांत तो निष्क्रिय होतो. या अवस्थेतून पुन्हा ‘तयार’ स्थितीत येईपर्यंत त्याला उघडता येत नाही.

फेनिटॉइन, कार्बामाझेपीन, ऑक्सकार्बाझेपीन आणि लॅमोट्रिजिन ही औषधे निष्क्रिय अवस्थेतल्या चॅनेलला चिकटतात आणि त्याचा विसावा लांबवतात. पेशी सावकाश स्पंद देत असेल तर चॅनेल फार वेळ निष्क्रिय राहतच नाही, म्हणून औषधाला धरायला जागा कमी मिळते. झटक्याच्या वेळी पेशी सेकंदाला शेकडो स्पंद सोडू लागते. तेव्हा निष्क्रिय चॅनेल भरपूर सापडतात आणि औषध नेमके तिथेच जोर धरते. जितका वापर जास्त तितका अडथळा जास्त, म्हणूनच माणूस चालता-बोलता ठेवून झटका दाबता येतो. लॅकोसामाइड याच गटातले, पण ते चॅनेलच्या सावकाश निष्क्रिय होण्याच्या प्रक्रियेला बळ देते. त्याचा लक्षात ठेवायचा दुष्परिणाम हृदयाशी निगडित आहे: ईसीजीत पीआर अंतर वाढते. म्हणून आधीपासून हृदयातील विद्युतवहनाचा दोष असलेल्या रुग्णात ते जपून वापरतात.

या कार्यपद्धतीतूनच सामायिक दुष्परिणाम निघतात. लहान मेंदू आणि डोळ्यांच्या हालचाली सांभाळणारी केंद्रे वेगवान स्पंदांवरच चालतात. त्यामुळे या गटातल्या बहुतेक औषधांची मात्रा जास्त झाली की डोळे थरथरतात, एकाचे दोन दिसतात, तोल जातो, बोलणे जड होते. ‘दुहेरी दिसणे आणि तोल जाणे’ ही जोडी सोडियम गटाची खूण समजा. ती दिसली की पहिला प्रश्न विचारायचा: पातळी वाढली आहे का, आणि कशामुळे?

आता फेनिटॉइनवर थोडे थांबू. हे औषध १९३८ पासून वापरात आहे आणि त्याच्या मात्रेत चुका वारंवार होतात. कारण यकृतातली ज्या विकरांमार्फत ते मोडले जाते ती विकरे नेहमीच्या उपचारातल्या पातळीतच भरून जातात. तिकीटखिडक्या सगळ्या व्यस्त असताना रांगेत थोडी माणसे वाढली तरी रांग झपाट्याने लांबते, तसे इथे होते: मात्रेतली छोटी वाढ पातळीत मोठी उडी घेते.

एक उदाहरण आकड्यांनी सोडवू. रुग्ण रोज ३०० मिलिग्रॅम फेनिटॉइन घेतो, स्थिर पातळी ८ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर आहे, झटके अजून येतात. अपेक्षित पट्टा १० ते २०. या रुग्णाचा केएम, म्हणजे ज्या पातळीला विकरे निम्म्या वेगाने काम करतात ती पातळी, ४ धरू. सूत्र असे:

```
रोजची मात्रा = कमाल वेग × पातळी ÷ (केएम + पातळी)
३०० = कमाल वेग × ८ ÷ (४ + ८)
कमाल वेग = ४५० मिलिग्रॅम प्रतिदिन

पातळी = केएम × मात्रा ÷ (कमाल वेग − मात्रा)
३५० दिले तर: ४ × ३५० ÷ १०० = १४
४०० दिले तर: ४ × ४०० ÷ ५० = ३२
```

शंभर मिलिग्रॅमची एकच गोळी वाढवली आणि पातळी ८ वरून १४ किंवा १५ नव्हे, थेट ३२ वर गेली. सर्वसाधारणपणे २० च्या वर डोळ्यांची थरथर दिसते, ३० च्या वर तोल जातो, ४० च्या वर गुंगी आणि गोंधळ. म्हणून या रुग्णाला वाढवायचे ते ५० मिलिग्रॅम. नियम असा धरा: पातळी ७ पेक्षा कमी असेल तर रोजच्या मात्रेत १०० मिलिग्रॅमने वाढ चालते, ७ ते १२ असेल तर ५० ने, १२ च्या वर असेल तर जास्तीत जास्त ३० ने. तरीही सावध राहायचे, कारण वरच्याच रुग्णाला १४ वरून ३० मिलिग्रॅम वाढवून ३८० दिले तर सूत्राने पातळी २१.७ येते. पातळी जितकी वर, तितका स्थिर व्हायला वेळ जास्त लागतो. मात्रा बदलल्यावर चार दिवसांनी तपासलेली पातळी फसवी असते; दोन-तीन आठवडे थांबून पुन्हा बघायला हवे.

दुसरा सापळा अल्ब्युमिनचा. फेनिटॉइनचा सुमारे ९० टक्के भाग रक्तातल्या प्रथिनांना बांधलेला असतो आणि काम करतो तो फक्त मोकळा भाग. प्रयोगशाळा बहुधा एकूण पातळी कळवते. अल्ब्युमिन उतरले असेल तर एकूण आकडा कमी दिसतो, पण मोकळे औषध पुरेसे असते.

```
सुधारित पातळी = मोजलेली पातळी ÷ (०.२ × अल्ब्युमिन + ०.१)
मोजलेली ८, अल्ब्युमिन २ ग्रॅम प्रति डेसिलिटर
८ ÷ (०.४ + ०.१) = १६
```

म्हणजे वरच्याच रुग्णाचे अल्ब्युमिन २ असते तर ८ हा आकडा कमी नसून पट्ट्याच्या मध्यावर असता आणि मात्रा वाढवणे हीच चूक ठरली असती. मूत्रपिंड निकामी असेल तर औषधाची प्रथिनांवरची पकडही ढिली होते, तेव्हा हे सूत्र जसेच्या तसे चालत नाही. शक्य असेल तर मोकळी पातळीच मोजून घ्यावी, तिचा पट्टा १ ते २ आहे. व्हॅल्प्रोएट सोबत असेल तेव्हाही तेच, कारण ते फेनिटॉइनला प्रथिनांवरून ढकलते.

तिसरी गोष्ट वरवर क्षुल्लक वाटते. कॅप्सूलमध्ये आणि इंजेक्शनमध्ये फेनिटॉइन सोडियम असते, त्यात मूळ औषध ९२ टक्के. सस्पेन्शन आणि चघळायच्या गोळ्यांत शुद्ध फेनिटॉइन असते. एकावरून दुसऱ्यावर तेवढ्याच मिलिग्रॅमने नेले तर मात्रेत ८ टक्क्यांचा फरक पडतो, आणि आत्ताच पाहिले की एवढाच फरक कुणाला पट्ट्याबाहेर ढकलायला पुरतो. सस्पेन्शनची बाटली हलवली नाही तर वरचे चमचे पातळ आणि तळचे दाट जातात, मग महिन्याच्या सुरुवातीला झटके आणि शेवटी गुंगी असा विचित्र क्रम दिसतो. नळीतून आहार चालू असेल तर शोषण घटते.

शिरेतून देताना प्रौढांत वेग मिनिटाला ५० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. त्याहून घाई केली तर रक्तदाब कोसळतो आणि हृदयाची लय बिघडते. विरळ करायचे ते सलाइनमध्येच, डेक्स्ट्रोजमध्ये औषधाचा साका बसतो. द्रावण अत्यंत अल्कधर्मी असते, त्यामुळे शिरेबाहेर झिरपले की हात जांभळा पडून सुजतो आणि ऊती खराब होऊ शकतात.

फेनिटॉइनचे स्वतःचे दुष्परिणाम बहुतेक दीर्घकालीन आहेत: हिरड्या वाढणे, चेहऱ्यावर केस येणे, चेहऱ्याची ठेवण जाड होणे, फोलेट घटून मोठ्या पेशींचा पांडुरोग, हाडे मऊ होणे, आणि वर्षानुवर्षांच्या वापराने लहान मेंदूची झीज. हाडांचा आणि जीवनसत्त्व ड चा प्रश्न येतो तो औषध यकृतातली विकरे वाढवते म्हणून. ते ज्या कारणाने गर्भनिरोधक गोळ्या आणि वॉरफरिन निकामी करते, त्याच कारणाने जीवनसत्त्व ड ही लवकर मोडते. एक कारण लक्षात ठेवले की तीन परिणाम सापडतात.

कार्बामाझेपीन तेच विकर-वाढीचे काम स्वतःवरही करते. पहिल्या आठवड्यांत पातळी छान येते, झटके थांबतात, आणि तीन ते पाच आठवड्यांनी तीच मात्रा असताना पातळी उतरते. हा आजार बळावल्याचा पुरावा नाही. म्हणूनच मात्रा कमी ठेवून, १०० ते २०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, सुरू करतात आणि टप्प्याने चढवतात. उलट दिशेनेही सावध राहावे लागते. घसादुखीसाठी क्लॅरिथ्रोमायसिन किंवा एरिथ्रोमायसिन दिले की विकर दाबले जाते आणि काही दिवसांतच रुग्ण ‘दोन दोन दिसतात’ म्हणत परत येतो.

त्याचे स्वतःचे दुष्परिणाम दोन ठळक आहेत. पहिला, रक्तातले सोडियम उतरणे. वयस्क माणसांत आणि मूत्रल गोळ्या घेणाऱ्यांत जास्त, आणि ऑक्सकार्बाझेपीनमध्ये त्याहून जास्त. सोडियम फार उतरले की झटके येतात. इथे जर झटके वाढले म्हणून तेच औषध वाढवले तर सोडियम आणखी उतरते. म्हणून कार्बामाझेपीन किंवा ऑक्सकार्बाझेपीनवर असलेल्या रुग्णाचे झटके अचानक वाढले, सोबत डोकेदुखी, मळमळ किंवा गोंधळ असेल, तर मात्रेआधी सोडियम तपासा. दुसरा, त्वचेची गंभीर प्रतिक्रिया. एचएलए-बी*१५०२ हा जनुकप्रकार असलेल्यांत स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोमचा धोका फार वाढतो. हा प्रकार आशियाई वंशाच्या अनेक समूहांत आढळतो, म्हणून अशा रुग्णांत औषध सुरू करण्यापूर्वी चाचणी करण्याचा सल्ला दिला जातो. पांढऱ्या पेशी थोड्या कमी होणे तसे नेहमीचे असते, अस्थिमज्जा बंद पडणे मात्र क्वचित. ताप आणि घशात व्रण असतील तर त्याच दिवशी रक्त तपासायचे.

लॅमोट्रिजिनचा एकच दुष्परिणाम लक्षात ठेवायचा असेल तर तो पुरळ, आणि त्याचे सर्वात टाळता येण्याजोगे कारण मात्रा चढवण्याची घाई. वेळापत्रक सोबतच्या औषधावर ठरते. एकटे असेल तर प्रौढाला दोन आठवडे रोज २५ मिलिग्रॅम, पुढचे दोन आठवडे रोज ५०. व्हॅल्प्रोएट सोबत असेल तर लॅमोट्रिजिन मोडण्याचा वेग निम्म्यावर येतो, म्हणून दोन आठवडे एक दिवसाआड २५ आणि मग दोन आठवडे रोज २५. फेनिटॉइन, कार्बामाझेपीन किंवा फेनोबार्बिटल सोबत असेल आणि व्हॅल्प्रोएट नसेल, तर दोन आठवडे रोज ५० आणि मग दोन आठवडे रोज १००, दोन भागांत. पुरळ बहुधा पहिल्या दोन ते आठ आठवड्यांत येते. ताप, तोंडात किंवा डोळ्यात व्रण, चेहऱ्याची सूज, गाठी यांपैकी काहीही असेल तर औषध लगेच बंद आणि रुग्णालयात. गोळ्या पाच अर्धायुकालांपेक्षा जास्त काळ चुकल्या, तर जुन्या मात्रेवर परत न जाता पहिल्या पायरीपासून सुरुवात करायची. इस्ट्रोजेन असलेली गर्भनिरोधक गोळी लॅमोट्रिजिनची पातळी जवळपास निम्म्यावर आणू शकते, आणि गोळी थांबवली की पातळी पुन्हा चढते. दोन्ही वेळी मात्रेचा विचार करावा लागतो.

पायरी ३: कॅल्शियम चॅनेलचा गट

ऍब्सेन्स झटक्याचा ईईजी पाहिला की दर सेकंदाला तीनच्या लयीत येणारे उंच शिखर आणि लाट दिसते. ही लय थॅलॅमस आणि मेंदूच्या बाह्यस्तरात घुमते, आणि तिला ताल देणारे चॅनेल म्हणजे टी-प्रकारचे कॅल्शियम चॅनेल. त्यांचे वैशिष्ट्य असे की पेशी आधी दबली गेली, तिचा विद्युतभार जास्त ऋण झाला, तरच ते पुढच्या वेळी उघडायला तयार होतात. दबणे, मग उसळणे, मग पुन्हा दबणे असे हे चक्र आहे.

एथोसक्सिमाइड नेमका हा टी-प्रवाह कमी करते. म्हणून ते ऍब्सेन्समध्ये प्रभावी आहे, पण सर्वांगाच्या झटक्यांपासून संरक्षण देत नाही. मुलाला दोन्ही प्रकारचे झटके असतील तर एकटे एथोसक्सिमाइड पुरत नाही. बालपणीच्या ऍब्सेन्समध्ये एथोसक्सिमाइड, व्हॅल्प्रोएट आणि लॅमोट्रिजिन यांची थेट तुलना करणारा ४५३ मुलांचा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. त्यात पहिली दोन लॅमोट्रिजिनपेक्षा सरस ठरली, आणि एकाग्रतेवरचा वाईट परिणाम एथोसक्सिमाइडमध्ये व्हॅल्प्रोएटपेक्षा कमी दिसला. त्यामुळे फक्त ऍब्सेन्स असलेल्या मुलासाठी ते पहिले औषध मानले जाते. दुष्परिणाम मुख्यतः पोटाचे: मळमळ, उलटी, पोटदुखी, उचक्या. जेवणाबरोबर आणि भागून दिले तर बरेच कमी होतात. थकवा आणि डोकेदुखी नेहमीचे. पुरळ आणि वर्तनातले बदल क्वचित, पण पालकांना आधीच सांगून ठेवायला हवेत.

सोडियम गटातले कार्बामाझेपीन किंवा फेनिटॉइन या चक्राला थांबवत नाहीत आणि ऍब्सेन्स वाढवू शकतात. ‘शून्यात पाहते’ या एका वाक्यावरून फोकल झटका समजून कार्बामाझेपीन सुरू केले आणि दिवसाला दहा वेळा होणारे पन्नास वेळा होऊ लागले, तर मात्रा कमी पडते असे समजू नये, निदानच तपासावे. दोन-तीन मिनिटे खोल आणि जलद श्वास घ्यायला लावला की उपचार न केलेला ऍब्सेन्स बहुधा समोरच दिसतो. ही चाचणी बाह्यरुग्ण विभागात, बसल्या जागी करता येते.

कॅल्शियमच्या याच शीर्षकाखाली गाबापेंटिन आणि प्रिगाबालिन येतात, आणि परीक्षेत सर्वाधिक फसवणारी जागा हीच. नावात गाबा असले तरी ती गाबा ग्राहकावर काम करत नाहीत. ती टी-प्रकारावरही नाहीत. उच्च विद्युतभाराला उघडणाऱ्या कॅल्शियम चॅनेलच्या अल्फा-२-डेल्टा या उपघटकाला चिकटून चेतासंधीत रसायन सुटणे कमी करतात. म्हणून ऍब्सेन्समध्ये त्यांचा उपयोग नाही आणि मायोक्लोनस तर त्यांनी वाढूही शकतो. दोन्ही मूत्रपिंडातून बाहेर पडतात, त्यामुळे मूत्रपिंडाचे काम कमी असेल तर मात्रा घटवावी लागते. नाहीतर गुंगी आणि हातापायांचे झटकन उडणे दिसते. घोट्यांची सूज आणि वजनवाढ ठरलेलीच. अफूवर्गीय वेदनाशामकांसोबत दिली तर श्वास मंदावण्याचा धोका खरा आहे.

पायरी ४: गाबाचा गट

गाबा-ए ग्राहक म्हणजे क्लोराइडचा चॅनेल. गाबा चिकटला की तो उघडतो, क्लोराइड आत येते, पेशी शांत होते. बेन्झोडायझेपिन औषधे हा चॅनेल उघडण्याची वारंवारता वाढवतात. बार्बिट्युरेट तो उघडा राहण्याचा काळ वाढवतात. हा फरक फक्त प्रश्नपत्रिकेपुरता नाही. बेन्झोडायझेपिनला गाबा असावाच लागतो, म्हणून एकट्याने घेतले तर त्याच्या परिणामाला मर्यादा असते. फेनोबार्बिटल जास्त मात्रेत गाबाशिवायही चॅनेल उघडते, त्यामुळे त्याच्या अतिमात्रेत श्वास थांबण्याला अशी मर्यादा उरत नाही.

पाच मिनिटांहून अधिक चाललेला सर्वांगाचा झटका आपोआप थांबेल असे गृहीत धरायचे नाही. तिथे पहिले औषध बेन्झोडायझेपिन. घाई कशासाठी? झटका चालू असताना चेतापेशी आपल्या पटलावरचे गाबा-ए ग्राहक आत ओढून घेऊ लागतात. दहाव्या मिनिटाला जी मात्रा लागू पडली असती ती चाळिसाव्या मिनिटाला पडत नाही, कारण तिला काम करायला ग्राहकच कमी उरतात. म्हणून पूर्ण मात्रा आणि लवकर. शिरेतून लोराझेपाम ०.१ मिलिग्रॅम प्रति किलो, एका वेळी जास्तीत जास्त ४ मिलिग्रॅम, गरज पडल्यास एकदा पुन्हा. शीर मिळत नसेल तर स्नायूत मिडाझोलाम: ४० किलोंहून अधिक वजनाला १० मिलिग्रॅम, १३ ते ४० किलोंना ५ मिलिग्रॅम. श्वास थांबेल या भीतीने २ मिलिग्रॅम लोराझेपाम देऊन वाट पाहणे ही नेहमीची चूक आहे. चालू राहिलेला झटकाही श्वास बिघडवतोच. मात्र श्वास सांभाळण्याची तयारी हाताशी हवी.

या गटाचे कार्यपद्धतीतून येणारे दुष्परिणाम एका शब्दात: शांतवणे, गरजेपेक्षा जास्त. गुंगी, आठवणीत खंड, वयस्कांत पडणे, लाळ वाढणे. मुलांत मात्र फेनोबार्बिटल आणि क्लोबाझामने उलट चिडचिड आणि अतिचंचलता येऊ शकते. दोन-चार महिन्यांत परिणाम बोथट होतो. अचानक थांबवले तर झटके उसळतात, म्हणून ही औषधे आठवड्यामागून आठवडे उतरवतात. फेनोबार्बिटलचा अर्धायुकाल साधारण चार दिवसांचा, त्यामुळे स्थिर पातळीला तीनेक आठवडे लागतात, आणि विकरे वाढवण्यात ते फेनिटॉइनच्या जोडीला बसते.

व्हिगाबाट्रिन गाबा मोडणारे विकर कायमचे बंद करते. बाळांमधल्या स्पॅझममध्ये, विशेषतः ट्यूबरस स्क्लेरोसिस असताना, ते फार उपयोगी आहे. त्याचा दुष्परिणाम दृष्टिक्षेत्राची कड आत आत सरकणे, आणि गेलेली दृष्टी परत येत नाही. मधली नजर शाबूत असल्याने रुग्णाच्या लक्षात येत नाही. म्हणून तक्रारीची वाट न पाहता दृष्टिक्षेत्राची तपासणी सुरुवातीला आणि नंतर ठरावीक अंतराने करतात.

आता कॅल्शियमच्या पायरीवरचे चक्र आठवा. व्हिगाबाट्रिन आणि टायागाबिन सगळीकडचा गाबा वाढवतात, थॅलॅमसच्या पेशी जास्त दबतात, आणि दबलेल्या पेशीतच टी-चॅनेल तयार होतात. म्हणून गाबा वाढवणारी ही औषधे ऍब्सेन्स वाढवतात. मग क्लोनाझेपाम ऍब्सेन्समध्ये कसे चालते? कारण ते थॅलॅमसभोवतीच्या जाळीदार केंद्रकातल्या पेशींनाच दाबते, आणि चक्राला ढकलणारे हात तिथे आहेत.

पायरी ५: व्हॅल्प्रोएट, जे एका रकान्यात बसत नाही

व्हॅल्प्रोएट सोडियम चॅनेल अडवते, गाबा वाढवते आणि टी-प्रवाहावरही त्याचा काही परिणाम सांगितला जातो. म्हणूनच फोकल, ऍब्सेन्स आणि मायोक्लोनिक अशा सगळ्या झटक्यांत ते चालते. त्याचे दुष्परिणाम मात्र गटातून काढता येत नाहीत, ते पाठच करावे लागतात: हातांचा कंप, केस गळणे, वजनवाढ, प्लेटलेट कमी होणे, स्वादुपिंडाचा दाह, रक्तात अमोनिया वाढणे. अमोनिया वाढतो तेव्हा यकृताच्या चाचण्या अगदी ठीक असू शकतात, म्हणून व्हॅल्प्रोएटवरचा रुग्ण सुस्त झाला की अमोनिया वेगळा मागवावा. यकृत निकामी होण्याचा धोका दोन वर्षांखालच्या मुलांत, अनेक औषधे एकत्र असताना आणि पीओएलजी जनुकातल्या दोषात सर्वाधिक. मेरोपेनेमसारखे कार्बापेनेम दिले की व्हॅल्प्रोएटची पातळी एक-दोन दिवसांत कोसळते. तिथे मात्रा वाढवून ती भरून येत नाही. दुसरे प्रतिजैविक किंवा दुसरे झटकेविरोधी औषध योजावे लागते.

गर्भावस्थेतला धोका सर्वात जड. या औषधावर असलेल्या मातांच्या सुमारे दहापैकी एका बाळात मोठे जन्मदोष आढळतात, त्यांत पाठीच्या कण्याचे दोष येतात, आणि पुढे मुलांच्या बुद्धीवर व विकासावर परिणाम होतो. धोका मात्रेबरोबर वाढतो. म्हणून मूल होऊ शकेल अशा वयात दुसरा मार्ग असताना ते देऊ नये.

सगळे एकत्र: एक उदाहरण

सोळा वर्षांची मुलगी. सकाळी दात घासताना हात उडून ब्रश खाली पडतो, हे दोन वर्षांपासून आहे पण कुणी विचारले नाही. रात्री जागरण झाले आणि सकाळी सर्वांगाचा झटका आला. कार्बामाझेपीन २०० मिलिग्रॅम दोनदा सुरू झाले. तीन आठवड्यांत हात उडणे वाढले, मधूनच ती शून्यात पाहू लागली. मात्रा दुप्पट केली, आणखी बिघडले.

क्रमाने बघा. सकाळचे हात उडणे म्हणजे मायोक्लोनिक झटके, वय आणि जागरणाचा संबंध पाहता किशोरवयीन मायोक्लोनिक अपस्मार. ईईजीत दर सेकंदाला चार ते सहाच्या लयीत एकामागून एक शिखरे आणि लाट मिळाली की निदान पक्के. सोडियम गटाचे औषध इथे मायोक्लोनस आणि ऍब्सेन्स वाढवते, म्हणजे जे बिघडले ते पहिल्या पायरीवरूनच सांगता आले असते. गाबापेंटिन आणि प्रिगाबालिन बाद. एथोसक्सिमाइड सर्वांगाचा झटका रोखत नाही. व्हॅल्प्रोएट सर्वात प्रभावी, पण वय सोळा आणि मुलगी. उरतात लेव्हेटिरासेटाम आणि लॅमोट्रिजिन. लेव्हेटिरासेटाम या तिन्ही गटांबाहेरचे आहे, एसव्ही२ए या प्रथिनाला चिकटते. चिडचिड आणि उदासी यांवर घरच्यांनी लक्ष ठेवायचे. लॅमोट्रिजिन सोडियम गटातले असूनही इथे वापरतात, पण काहींत हात उडणे वाढवते आणि चढवायला आठवडे लागतात. म्हणून लेव्हेटिरासेटाम ५०० मिलिग्रॅम दोनदा सुरू करून कार्बामाझेपीन टप्प्याने उतरवणे हा बहुधा योग्य मार्ग.

लॅमोट्रिजिनच निवडले तर एक बारीक गोष्ट. कार्बामाझेपीन चालू असताना ते ५० मिलिग्रॅमच्या वेळापत्रकाने सुरू होते. कार्बामाझेपीन थांबले की दोन-तीन आठवड्यांत यकृतातली वाढलेली विकरे पूर्ववत होतात, आणि लॅमोट्रिजिनची मात्रा तीच असताना तिची पातळी जवळपास दुप्पट होऊ शकते. त्या आठवड्यांत ‘दोन दोन दिसतात, तोल जातो’ अशी तक्रार आली तर नवा आजार शोधू नये. लॅमोट्रिजिनची मात्रा कमी करावी.